घाम टिपणारा टी-शर्ट: गुण फिनिशमध्ये की धाग्यात?

दुकानात शेजारी टांगलेले दोन पॉलिस्टर टी-शर्ट, दोन्हींवर ‘घाम टिपणारा’ असं लेबल. पहिल्यात साध्या गोल धाग्यावर रसायनाचा हात, म्हणजेच फिनिश, फिरवलेला असतो. दुसऱ्यात धाग्याच्या अंगालाच खाचा असतात. नवे असताना हाताला फरक कळत नाही. वीसेक धुण्यांनंतर मात्र कळतो, म्हणून निवड आधीच करायला हवी.

पॉलिस्टर पाणी पीत नाही. साधारण दमट हवेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओल धरून बसतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणजे १५० ग्रॅमच्या सुती टी-शर्टात घाम यायच्या आधीच १२ ग्रॅम पाणी असतं, तर तेवढ्याच पॉलिस्टरमध्ये अर्ध्या ग्रॅमच्या जवळपास. सुती तंतू घामाने फुगतात, त्यांच्यामधल्या फटी बुजतात आणि कापड अंगाला चिकटतं. पॉलिस्टरचे तंतू फुगत नाहीत, त्यामुळे फटी मोकळ्या राहतात आणि घाम त्यांतून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखा पसरतो. अडचण एवढीच की पॉलिस्टरच्या पृष्ठभागाला पाणी सहजी धरत नाही. थेंब आत शिरायला कां-कूं करतो.

फिनिश इथे कामाला येतं. त्याच्या रेणूचा एक भाग पॉलिस्टरसारखाच असतो, तो तंतूला बिलगतो. दुसरा भाग पाण्याला ओढणारा, तो बाहेर राहतो. रंगाईच्या वेळीच, साधारण १३० अंशांच्या गरम पाण्यात ते दिलं तर तंतूवर चांगलं बसतं. शेवटी नुसतं द्रावणात बुडवून, पिळून वाळवलेलं लवकर उतरतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि गिऱ्हाईक फसतं ते इथेच. साध्या धाग्याच्या कापडात सगळी मदार या थरावर असते.

खाचांच्या धाग्याचं गणित वेगळं. तंतूचा काप गोल नसून चार पाकळ्यांसारखा असतो. पाकळ्यांमधल्या चिंचोळ्या नाल्या तंतूच्या टोकापर्यंत जातात आणि ओल ओढून नेतात. डूपाँने १९८६मध्ये आणलेलं कूलमॅक्स हे याचं गाजलेलं उदाहरण. धुण्याने नाली झिजत नाही. पण या कापडालाही बहुधा फिनिश दिलेलंच असतं, हे विक्रेते सांगत नाहीत. फिनिश थेंबाला आत घेतं आणि नाली त्याला पुढे नेते. फिनिश उतरलं की काम मंदावतं, पण थांबत नाही.

माझा स्वतःचा भरवसा धाग्यावर आहे, पण तपासल्याशिवाय नाही. तपासणी सोपी आहे. टी-शर्ट उलटा करून आतल्या बाजूवर ड्रॉपरने एक थेंब सोडायचा. तो दोन-तीन सेकंदांत मुरून बाहेरच्या बाजूला मोठा ओला डाग दिसला तर उत्तम. आतला डाग बाहेरच्यापेक्षा मोठा असेल तर ओल अंगाशीच पसरतेय. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर फिनिश गेलंय किंवा वर कशाचा तरी थर चढलाय.

हा थर बहुतेक वेळा आपणच चढवतो. माझा खाचांच्या धाग्याचा एक टी-शर्ट अचानक घाम टिपेनासा झाला. थेंब अर्धा मिनिट तसाच. धागा बिघडला असं वाटलं, पण कारण निघालं फॅब्रिक सॉफ्टनर. त्यातले मेणचट रेणू तंतूवर बसून नाल्यांची तोंडं बुजवतात. सॉफ्टनर बंद करून, नेहमीच्या डिटर्जंटने कोमट पाण्यात तीन वेळा धुतल्यावर थेंब पुन्हा मुरायला लागला. साधा फिनिशवाला टी-शर्ट असता तर इतका सावरला नसता, कारण गेलेलं फिनिश धुऊन परत येत नाही.

मिश्रणाचं थोडक्यात. पॉलिस्टर-सुती कापड हाताला मऊ लागतं आणि हलक्या व्यायामाला बरं, पण भरपूर घाम आला की त्यातलं सूत पाणी धरून ठेवतं आणि वाळायला वेळ लागतो. शिवाय पॉलिस्टरसाठीचं फिनिश सुतावर तसं बिलगत नाही. मेरिनो लोकर मिसळलेलं कापड वासाला आवरतं आणि थंडीत सुखावह असतं, पण सावकाश वाळतं. स्पॅन्डेक्स फक्त ताणासाठी असतो, त्याचा घामाशी संबंध नाही.

आठवड्यातून चार-पाच दिवस पळणाऱ्याने जादा पैसे मोजून खाचांचा धागा घ्यावा, शक्यतो आतून जाड आणि बाहेरून बारीक तंतूंचं दुपदरी विणकाम पाहून. बारीक तंतूंमधल्या फटी अरुंद असतात, म्हणून ओल बाहेरच्या पदराकडे खेचली जाते. महिन्यातून दोनदा खेळणाऱ्याला रंगाईत फिनिश दिलेला साधा टी-शर्ट पुरे. मात्र हवाच ओलीचिंब असेल तर दोन्ही सारखेच: बाहेर आलेला घाम उडूनच जात नाही.