न्यूक्लिओटाइडच्या दोन वाटा: कोणती अडवायची, कोणती उघडी ठेवायची?

ल्युकेमियाच्या पेशींवर प्रयोग आखताना पहिला प्रश्न हाच असतो, की डीएनए-आरएनएच्या विटा, म्हणजे न्यूक्लिओटाइड, बनवण्याची डी नोव्हो वाट औषधाने अडवायची की सॅल्व्हेज? डी नोव्होत पेशी साध्या रेणूंपासून सुरुवात करते. न्यूक्लिओटाइडचे दोन गट आहेत: प्युरिनसाठी पीआरपीपी या साखर-फॉस्फेट रेणूपासून आयएमपी या पहिल्या न्यूक्लिओटाइडपर्यंत 10 पायऱ्या, पिरिमिडिनसाठी यूएमपी या न्यूक्लिओटाइडपर्यंत 6. सॅल्व्हेजमध्ये जुन्या न्यूक्लिइक आम्लांतून सुटलेला बेस किंवा न्यूक्लिओसाइड, म्हणजे साखर जोडलेला बेस, उचलून एकाच पायरीत न्यूक्लिओटाइड होतो. ऊर्जा बरीच वाचते, पण तयार माल बाहेरून मिळावा लागतो.

पिरिमिडिनपासून सुरुवात करू, कारण फसगत इथेच होते. ब्रेक्विनार हे औषध चौथ्या पायरीवरचं डीएचओडीएच हे एन्झाइम बंद करतं. डिशमध्ये पेशींची वाढ थांबते आणि निकाल छान दिसतो. मग माध्यमात 100 मायक्रोमोलर युरिडिन घाला; हा पिरिमिडिनचा तयार न्यूक्लिओसाइड सॅल्व्हेजने वापरता येतो. पेशी सावरल्या, तर औषध पिरिमिडिनच्या डी नोव्हो वाटेवरच लागलं याला चांगला आधार मिळतो. नाही सावरल्या, तर विषबाधा दुसरीकडून होत असण्याची शंका घ्या. पण याच चाचणीत अडचणही दिसते: माणसाच्या रक्तात युरिडिन असतंच, काही मायक्रोमोलर इतकं. घन ट्यूमरवरच्या जुन्या चाचण्यांत ब्रेक्विनारने निराशा केली, त्याची एक संभाव्य कारणमीमांसा ही सॅल्व्हेजची सोय आहे. 2016 मध्ये अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या उंदरांवरील कामाने या लक्ष्याला पुन्हा जीव दिला. तिथे एन्झाइम सतत दबलेलं ठेवणं महत्त्वाचं ठरलं. म्हणून माध्यमातलं सीरम डायलाइज्ड, म्हणजे लहान रेणू काढून टाकलेलं, आहे की नाही, हे वहीत लिहाच. साध्या सीरममधले न्यूक्लिओसाइड निकाल झाकू शकतात.

प्युरिनमध्ये मात्र सॅल्व्हेज शत्रू नाही, औषधाचं प्रवेशद्वार आहे. 6-मर्कॅप्टोप्युरिन स्वतः निष्क्रिय असतं. एचजीपीआरटी हे सॅल्व्हेज एन्झाइम त्याला पीआरपीपीतला साखर-फॉस्फेट जोडून थायो-आयएमपी करतं. पुढे त्यापासून बनलेले थायोग्वानिन न्यूक्लिओटाइड डीएनएत शिरतात, तर मिथाइल लागलेलं रूप डी नोव्होचं पहिलं एन्झाइम दाबतं. एचजीपीआरटी हरवलेल्या पेशी या औषधाला जुमानत नाहीत.

मुलांच्या अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात मेंटेनन्सला, म्हणजे आजार उलटू नये म्हणून चालणाऱ्या उपचारात, रोज 6-मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट देतात. या जोडीमागची युक्ती मला फार आवडते. मेथोट्रेक्सेट फोलेटच्या मार्गाने डी नोव्हो प्युरिन थोपवतं, न वापरलेलं पीआरपीपी साचतं आणि तेच एचजीपीआरटीच्या हाती पडून 6-मर्कॅप्टोप्युरिन अधिक सक्रिय होतं.

तेव्हा माझा कौल असा: पिरिमिडिनमध्ये डी नोव्हो अडवायची असेल, तर युरिडिनच्या आयातीचाही विचार करा; युरिडिन पेशीत आणणारे वाहक डायपिरिडामोल हे औषध रोखतं, म्हणून ते जोडीला तपासता येतं. प्युरिनमध्ये 6-मर्कॅप्टोप्युरिन निवडत असाल, तर सॅल्व्हेजला हात लावू नका. पुन्हा उलटलेल्या काही लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियांत एनटी5सी2 या एन्झाइमची उत्परिवर्तनं सापडतात, आणि ते अतिसक्रिय होऊन तयार झालेल्या थायो-न्यूक्लिओटाइडचा फॉस्फेट काढून टाकतं. अशा नमुन्यात एचजीपीआरटी शाबूत दिसलं, तरी औषध चालेल असं धरू नका. पेशीतले थायोग्वानिन न्यूक्लिओटाइड मोजून पाहा.