हॉल तिकिटाच्या फोटोवरून आदल्या रात्रीची चेकलिस्ट : सात महिने आणि पाच परीक्षांनंतर

सात महिन्यांत पाच परीक्षा दिल्या आणि दरवेळी हेच केलं, हॉल तिकिटावरच्या सूचनांचे फोटो काढायचे, फोनमधल्या मजकूर ओळखणाऱ्या अॅपमधून त्यातला मजकूर टाइप करून घ्यायचा आणि टिक करायची यादी बनवायची. पहिल्या दोन वेळा इतकं मस्त झालं की मी सगळ्यांना सांगत सुटले.

तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या रात्री साडेदहाला यादी अशी होती: हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र, एक फोटो, काळं बॉलपेन, घड्याळ, कॅल्क्युलेटर. मी घड्याळ पाऊचमध्ये टाकलंसुद्धा! ताईने प्रिंट हातात घेतली म्हणून कळलं, पहिल्या पानाच्या अगदी तळाला 'खालील वस्तू केंद्रात आणू नयेत' अशी ओळ होती आणि वस्तूंची नावं दुसऱ्या पानावर. पहिल्या फोटोत ती ओळ कापली गेली, मग राहिली नुसती नावं, ती मी आणायच्या यादीला जोडली.

तेव्हा अॅपवर जाम चिडले होते. आता वाटतं त्याची काय चूक, जे दिसलं ते त्याने लिहिलं. चूक फोटोची होती. त्यानंतर एकच सवय लावली, छापलेल्या सूचनांचे नंबर मोजायचे. त्या तिकिटावर 18 सूचना होत्या आणि माझ्या मजकुरात 17, म्हणजे एक कुठेतरी गळालीय हे दोन मिनिटांत कळलं असतं. आणि 'नको'वाली वस्तू आता शीर्षकाखाली ठेवतच नाही, प्रत्येकीपुढे वेगळं लिहिते, घड्याळ नको, कॅल्क्युलेटर नको, म्हणजे ओळ कुठेही सरकली तरी अर्थ बदलत नाही.

वेळांचा तक्ता मात्र अजूनही अॅपवर सोडत नाही. रिपोर्टिंग 8:30, गेट बंद 9:30, पेपर 10:00 असं छापलेलं होतं, मजकुरात आधी तिन्ही नावं आली आणि खाली तिन्ही आकडे, तेही मागेपुढे. ते हाताने लिहायचं, आणि यादीत सगळ्यात वर गेट बंद व्हायची वेळ, कारण उशीर पेपरच्या वेळेवरून ठरत नाही, गेटवरून ठरतो.

फोटो काढताना घडी सपाट करा, फोन बरोबर वरून धरा, आणि पुढच्या फोटोत आधीच्या फोटोतल्या शेवटच्या दोन-तीन ओळी पुन्हा येऊ द्या. डुप्लिकेट ओळ खोडायला सेकंद लागतो.

चौथ्या वेळी वेगळाच घोळ झाला. 'अर्जात अपलोड केलेलाच फोटो सोबत आणावा' अशी सूचना होती, ती यादीत नीट आली, पण रात्री अकराला प्रिंट कुठे काढणार? सकाळी धावपळ करून मिळवला कसाबसा. म्हणून पाचव्या वेळी तिकीट डाउनलोड केलं त्याच दिवशी फोटो काढून यादी केली आणि ज्याला दुकान, प्रिंट किंवा कुणाची सही लागते तेवढं त्याच दिवशी वेगळं काढलं. आदल्या रात्री फक्त पाऊच भरायचं आणि मूळ प्रिंट समोर ठेवून टिक करायची, एवढंच उरलं होतं.