'अपोलो 13' की 'ग्रॅव्हिटी'?

भाच्याने विचारलं, आज रात्री यांतला कोणता चित्रपट पाहू? श्वास रोखायला लावणारा हवा, पण विज्ञान खोटं नको.

संकटाचं कारण दोन्हीकडे पटतं: एकात ऑक्सिजनची टाकी फुटते (1970 साली तसंच घडलं), दुसऱ्यात उपग्रहांचे तुकडे आदळतात.

फरक पडतो तो सुटकेत. 'अपोलो 13'मध्ये अंतराळवीर चांद्रयानात, म्हणजे चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात, आसरा घेतात आणि तिथे कार्बन डायऑक्साइड वाढू लागतो. तो शोषणारे मुख्य यानाचे डबे चौकोनी आणि चांद्रयानातली जागा गोल. मग पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी वापरून जोड तयार होतो. हे सगळं खरं घडलेलं आहे.

'ग्रॅव्हिटी'त नायिका हबल या अवकाश दुर्बिणीपासून अंतराळ स्थानकाकडे जेटपॅकच्या आधाराने जाते. हबलची कक्षा विषुववृत्ताशी 28.5 अंशांनी कललेली, स्थानकाची 51.6 अंशांनी. एवढा कल बदलायला सेकंदाला सुमारे 3 किलोमीटर वेगबदल लागतो. जेटपॅक त्याचा शंभरावा भागही जेमतेम देईल.

वजनरहित दृश्यं दोन्हींत छान, पण 'अपोलो 13'ची बरीचशी गोते घेणाऱ्या विमानात खरोखर तरंगत चित्रित झाली.

तपशील पारखत पाहणाऱ्याने 'अपोलो 13' घ्यावा. अवकाशातली शांतता आणि एकटेपण अंगावर घ्यायचं असेल, तर कक्षांचा प्रश्न सोडून 'ग्रॅव्हिटी', तोही मोठ्या पडद्यावर.