शोक आधारगटाची पहिली बैठक: सुरुवातीला नियम सांगावेत, स्वतःचं दुःख सांगावं की नावं विचारावीत?

नाशिकमध्ये शोकाचा आधारगट सुरू करायचा ठरवलं की जागा मिळते, माणसंही येतात. अडतं ते पहिल्या तीन-चार मिनिटांपाशी. तेवढा वेळ फक्त समन्वयक बोलत असतो आणि बाकीचे ठरवत असतात, पुढच्या वेळी यायचं की नाही. बहुतेक समन्वयक तीनपैकी एका वाटेने जातात: गटाचे नियम सांगणं, स्वतःचं दुःख सांगणं, किंवा गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला सांगणं. तिन्ही वाटा एकाच गटावर लावून बघू.

समजा, गंगापूर रोडवरच्या एका खोलीत सात जण गोल बसलेत. सत्तरीचे एक काका, ज्यांची पत्नी कर्करोगाने गेली. सिडकोतल्या सासू-सुना, एकीचा मुलगा, दुसरीचा नवरा, अंबडच्या कारखान्यातून घरी येताना अपघातात गेला. पंचविशीची एक मुलगी, जिच्या भावाने आत्महत्या केली आणि नातेवाइकांत मात्र हार्ट अटॅक म्हणून सांगितलंय. एक तरुण जोडपं, ज्यांचं बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं. आणि वडील गेलेले एक गृहस्थ, जे दाराजवळच्या खुर्चीवर बसलेत.

प्रार्थना किंवा दोन मिनिटं स्तब्धता हा चौथा पर्याय कुणीतरी सुचवतंच. तो मी सरळ बाजूला ठेवते. यातल्या बऱ्याच जणांनी रामकुंडावर दशक्रिया केली आहे, शोकसभाही पाहिल्या आहेत. तिथे एक बोलतो आणि बाकीचे हात जोडून ऐकतात. तशीच सुरुवात झाली, तर पुढचा तासभर ते तसेच ऐकत बसतात. शिवाय तान्ह्या बाळाचं दहावं-तेरावं बहुतेक घरांत करत नाहीत, त्यामुळे त्या जोडप्याला ही चौकट सुरुवातीपासूनच परकी वाटते. ‘शोकाच्या पाच अवस्था’, म्हणजे नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार, समजावून सांगणंही टाळा. १९६९ साली मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी त्या मांडल्या, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते वेळापत्रक दिलं की ‘मी अजून रागातच आहे, म्हणजे मागे पडले का?’ अशी नवीन चिंता सुरू होते.

आता पहिली वाट, नियमांची. वाक्यं साधारण अशी: ‘नमस्कार. इथे यायला पाय उचलणं सोपं नव्हतं, याची मला जाणीव आहे. इथे बोललेलं इथेच राहील. कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. बोलायचं नसेल तर नुसतं बसलात तरी चालेल.’ दाराजवळ बसलेल्या गृहस्थांना यातलं शेवटचं वाक्य हवं असतं. ते ऐकल्यावर त्यांना निघून जायची घाई राहत नाही. मात्र नाशिकसारख्या शहरात ‘इथेच राहील’ एवढं पुरत नाही, इथे कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. म्हणून पुढे जोडावं: ‘पंचवटी कारंजावर किंवा भाजी घेताना आपण समोरासमोर आलो, तर ज्याला ओळख दाखवावीशी वाटेल त्यानेच आधी हसावं. दुसऱ्याने वाईट वाटून घेऊ नये.’

गुप्ततेला एक अपवाद असतो आणि तो सुरुवातीलाच सांगावा लागतो: ‘कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. आधी तुमच्याशी बोलेन आणि मग मदत मिळवेन.’ कुणीतरी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हटल्यानंतर हा अपवाद सांगितला, तर त्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक भिंतीवरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.

या वाटेचा दोष तिच्या लांबीत आहे. नियम तीन-चारच्या पुढे गेले की सोसायटीची मीटिंग वाटायला लागते. माणसं हात घडी घालून मागे टेकतात आणि समन्वयकाच्या हातातल्या कागदाकडे बघू लागतात. तेवढ्यावरून कळतं.

दुसरी वाट आपल्या दुःखाची. ‘माझी आई चार वर्षांपूर्वी गेली. म्हणून मी हे काम करते.’ एवढ्यावर थांबलं तर ही सुरुवात चांगली आहे. काकांना लगेच वाटतं की बाईंना यातलं कळतं. पण समन्वयक आजारपणाचे तपशील सांगू लागली की सासूबाई उठून ‘ताई, पाणी घ्या’ म्हणतात. तिथून गट समन्वयकाला सांभाळायला लागतो. दुसरा धोका जरा उशिरा कळतो. ब्याऐंशीव्या वर्षी गेलेल्या आईबद्दल ऐकून बाळ गमावलेली आई मनात तुलना करते आणि गप्प होते. ज्यांचं स्वतःचं दुःख अजून ताजं आहे, त्यांनी ही वाट पहिल्या बैठकीत तरी घेऊच नये.

तिसरी वाट मला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि शब्द चुकले तर तीच सगळ्यांत जास्त दुखावते. तेराव्यानंतर घरात गेलेल्याचं नाव घेणं हळूहळू बंद होतं. ते चार लोकांत मोठ्याने घ्यायला मिळणं यासाठीच पुष्कळ जण आलेले असतात. पण ‘प्रत्येकाने आपलं काय झालं ते सांगा’ असं म्हटलं, तर काका बारा-पंधरा मिनिटं दवाखान्याची हकिगत सांगतात, पुढचेही तेवढीच सांगतात आणि शेवटच्या दोघांना वेळच उरत नाही. भाऊ गमावलेल्या मुलीपुढे दोनच मार्ग राहतात: खोटं बोलणं, नाहीतर सात अनोळखी माणसांसमोर सगळं उघड करणं.

म्हणून फक्त नाव विचारावं, असं कुणाला वाटेल. तेही इथे अडतं. बाळ तिसऱ्या दिवशी गेलं, बारसं झालंच नव्हतं. त्या आईला नाव विचारलं की ती नवऱ्याकडे बघते आणि दोघंही खाली बघतात. काही घरांतल्या बायकांना चारचौघांत नवऱ्याचं नाव घेणं अजूनही जड जातं. तेव्हा वाक्य असं असावं: ‘तुमचं नाव सांगा, आणि ज्यांच्यासाठी आलात त्यांचं नाव, नातं, किंवा घरात ज्या नावाने हाक मारायचात ते. ते कसे गेले हे आज सांगायची गरज नाही. काहीच नको असेल तर नुसतं “आज नको” म्हणा.’ आता मुलगी ‘माझा दादा’ म्हणू शकते, आणि ते जोडपं पोटात असल्यापासून बाळाला ज्या लाडक्या नावाने हाक मारत होतं, ते सांगू शकतं.

सासू-सुनांच्या बाबतीत एकच नाव दोनदा येणार. एकीने घेतलं म्हणून दुसरीचं राहून जाऊ देऊ नका. ‘आणि तुमचे ते कोण?’ असं सुनेलाही वेगळं विचारा. खरं तर अशा दोघींशी बैठकीआधी स्वतंत्र बोलून घ्यावं. मी तर त्यांना वेगवेगळ्या गटांत बसायचा पर्यायही देते, कारण सासूसमोर सून रागाबद्दल बोलत नाही.

मग निवड कशी करायची? सगळे एकाच प्रकारच्या मृत्यूमुळे आले असतील आणि समन्वयकही त्यातून गेलेला असेल, तर दुसऱ्या वाटेने, पण दोन वाक्यांतच. कामाच्या ठिकाणचा गट असेल तर पहिली वाट, कारण तिथे उद्या हीच माणसं एकमेकांसमोर बसणार असतात. वर सांगितल्यासारख्या मिश्र गटात मी पहिली आणि तिसरी जोडते: तीन नियम, गुप्ततेचा अपवाद आणि लगेच नावांची फेरी. फेरी स्वतःपासून सुरू करा आणि तुमचं उत्तर एका वाक्याचं ठेवा, कारण पुढचे सगळे तुमच्याच लांबीचं बोलतात. तरीही काका हकिगतीकडे वळलेच तर म्हणा, ‘काका, तुमच्या पत्नीबद्दल मला नीट ऐकायचंय. फेरी पूर्ण झाली की तुमच्यापासूनच सुरू करू या,’ आणि फेरी संपल्यावर खरोखरच त्यांच्याकडे वळा. फेरी सुरू असताना कुणी उशिरा आलं, तर बसायला जागा द्या, फेरी पुरी होऊ द्या आणि मग नियम थोडक्यात पुन्हा सांगा. ते ऐकल्याशिवाय त्यांना बोलायला लावू नका.