कपडा बदलायचा, माणूस नाही: डिनॉइझिंग स्ट्रेंथ ०.४, ०.६ की ०.९?

चित्रं बनवणाऱ्या स्टेबल डिफ्यूजन या एआय मॉडेलवर फोटोतला कपडा बदलणारे बहुतेक जण `Denoising strength`ची पट्टी चेहऱ्याच्या भीतीने खाली ओढतात. चेहरा बिघडायला नको म्हणून ०.३५ ठेवतात, मग कुर्ता बदलत नाही म्हणून ०.८ करतात, मग कंबर बारीक झालेली दिसते म्हणून पुन्हा खाली येतात. या धरसोडीचं कारण एकच. चेहरा, केस आणि हात वाचवायचं काम स्ट्रेंथचं नाहीच, ते मास्कचं, म्हणजे मॉडेलने फोटोतला कोणता भाग रंगवायचा ते दाखवणाऱ्या खुणेचं आहे. स्ट्रेंथ फक्त एवढंच ठरवते की मास्कच्या आत जुन्या कपड्यातलं किती शिल्लक ठेवायचं.

तुलनेसाठी एकच फोटो घेऊ. छोट्या बुटिकच्या कॅटलॉगसाठी काढलेला, परवानगी घेतलेला. एक बाई उभी आहे, अंगात पांढरट सुती कुर्ता, पूर्ण बाह्या, वेणी डाव्या खांद्यावरून पुढे आलेली, उजवा हात कमरेवर आणि मनगटात बांगड्या. हवं काय, तर त्याच बेताचा गडद हिरवा रेशमी कुर्ता. मॉडेल स्टेबल डिफ्यूजनचंच एसडीएक्सएल, मास्क फक्त कुर्त्यावर. वेणी आणि बांगड्या मास्कच्या बाहेर.

आधी चेहऱ्याची काळजी मिटवा

मास्क लावला की बाहेरचा भाग आपोआप जसाच्या तसा राहतो, हे अर्धंच खरं आहे. फोटो मॉडेलकडे जाताना लेटंटमध्ये, म्हणजे मॉडेलच्या आतल्या छोट्या रूपात, दाबला जातो आणि परत उलगडला जातो. या जाण्यायेण्यात पापण्या, नाकातली चमकी, साडीपिनेचं टोक अशा बारीक गोष्टी किंचित बदलतात, स्ट्रेंथ कितीही कमी असली तरी. ऑटोमॅटिक११११ या स्टेबल डिफ्यूजन चालवायच्या प्रोग्रॅममध्ये मूळ फोटो मास्कबाहेर परत चिकटवला जातो. कम्फीयूआय या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ते तुम्हालाच करावं लागतं, त्यासाठी `ImageCompositeMasked` हा नोड शेवटी जोडायचा. पायथनमधून काम करत असाल तर `PIL`मधून `Image` आणि `ImageChops` इम्पोर्ट केल्यावर दोन ओळी पुरतात:

```python
final = Image.composite(out, img, mask)
ImageChops.difference(img, final).save("diff.png")
```

`out`, `img` आणि `mask` एकाच मापाचे हवेत, पहिले दोन `RGB` आणि मास्क `L` प्रकारचा. `diff.png` उघडा. लेव्हल्सने खूप उजळूनही चेहऱ्याच्या जागी निखळ काळं दिसलं तर तिथे एकही पिक्सेल हललेला नाही. राखाडी धुरकट चेहरा दिसला तर फोटो परत चिकटवला गेलेला नाही, किंवा मधे कुठेतरी जेपीजी सेव्ह झाला आहे. तपासणी होईपर्यंत पीएनजीच ठेवा.

एवढं झालं की चेहऱ्याचा प्रश्न स्ट्रेंथच्या चर्चेतून बाहेर पडतो. आता पट्टी निर्धास्तपणे हलवता येते.

०.३ ते ०.४५: पोत बदलतो, रंग नाही

आपल्या फोटोवर ०.३५ लावून हिरवा रेशमी कुर्ता मागितला तर मिळतो पांढराच कुर्ता, जरा तुकतुकीत, चुण्यांमध्ये हिरवटपणाची झाक. प्रॉम्प्टमध्ये हिरव्यावर कितीही जोर दिला तरी फार फरक पडत नाही. कारण साधं आहे. स्ट्रेंथ वाढेल तसं फोटोत जास्त नॉइज, म्हणजे विस्कळीत दाणे, मिसळलं जातं, आणि ते मिसळत गेलं की आधी बारीक तपशील बुडतात, म्हणजे विणीचे धागे, शिवण, बटणाची कड. मोठे रंग आणि ढोबळ आकार सगळ्यात शेवटी बुडतात. कमी स्ट्रेंथवर ते बुडालेलेच नसतात, त्यामुळे मॉडेल ते पक्के धरून चालतं.

म्हणून ही पातळी निवडायची ती रंग आणि बेत तोच ठेवून कापड बदलताना. सुतीचं लिनन, साध्याचं बारीक बुट्टीचं, चुरगळलेल्याचं इस्त्री केलेलं. त्या कामात हिला तोड नाही, कारण प्रत्येक चुणी जिथल्या तिथे राहते.

०.८ ते १.०: कपडा नवा, पण अंगही नवं

०.९वर हिरवा रंग दणदणीत येतो. रेशमाची चमक येते, गळ्याला काठही येतो. बारकाईने पाहिलं तर मात्र कंबर मूळ फोटोपेक्षा आत गेलेली असते, खांदा थोडा अरुंद, पोट सपाट. कोपरापाशी बाहीची जाडी वेगळी, त्यामुळे हात दुसऱ्याच कुणाचा वाटतो. चेहरा तंतोतंत तोच असूनही ओळखीचा माणूस म्हणतो, ही ती वाटत नाही.

माणूस खरा बदलतो तो इथे. कुर्त्याखालचं शरीर मॉडेलला दिसत नसतं. जुन्या कुर्त्याच्या चुण्या आणि सावल्या हाच शरीराचा एकमेव पुरावा, आणि इतक्या नॉइजमध्ये तो पुसला जातो. मग मॉडेल आपल्या सवयीचं शरीर भरतं, आणि त्याची सवय बारीक बांध्याची आहे. कॅटलॉगसाठी हे फार वाईट. गिऱ्हाइकाला कपडा अंगावर कसा बसतो ते पाहायचं असतं, आणि जिचा फोटो आहे तिच्या अंगाला आपण हात लावलेला असतो, तिला न विचारता.

मास्क मूळ कुर्त्याच्या कडेला चिकटून असेल तर आणखी एक खूण दिसते. कंबर आत गेली की मधे जी फट उरते ती मॉडेल भिंतीसारखं काहीतरी रंगवून भरतं. मागच्या भिंतीची रेघ तिथे वाकडी झाली असेल तर बांधा बदललाय असं समजा.

तरी ही पातळी टाळता येत नाही अशी कामं आहेत. काळ्या कुर्त्याचा पांढरा करायचा असेल, किंवा कुर्त्यावर जाकीट चढवायचं असेल तर खालचं फारसं उपयोगी पडत नाही. तेव्हा इनपेंटिंगसाठी, म्हणजे मास्कमधला भाग नव्याने भरण्यासाठी, शिकवलेलं मॉडेल घ्या, आणि जोडीला मूळ फोटोतला उठाव धरून ठेवणारं डेप्थ कंट्रोलनेट लावा. ओपनपोज पुरत नाही, कारण ते सांध्यांची जागा धरतं, अंगाची जाडी धरत नाही. एसडीएक्सएलच्या इनपेंटिंग मॉडेलवर पूर्ण १.० देऊ नका. त्यावर चित्राचा रेखीवपणा कमी होतो, हे त्या मॉडेलच्या माहितीपत्रातच नोंदलंय. तिथल्या उदाहरणात ०.९९ आहे.

०.५ ते ०.६५: आधी रंग द्या, मग स्ट्रेंथ लावा

थेट ०.६ लावलं तर आपल्या फोटोत मळकट पोपटी कुर्ता येतो. चुण्या जागेवर, बांधा तोच, पण रंग पांढरा आणि हिरवा यांच्या मधे अडकलेला. इथे बहुतेक जण पट्टी वर सरकवतात. त्यापेक्षा मूळ फोटोच बदलावा.

गिंप किंवा फोटोशॉपमध्ये कुर्त्यावर नवा लेयर घ्या, हवा तो गडद हिरवा सपाट भरा आणि लेयरचा मोड `Multiply` करा. पांढऱ्या कापडावरच्या सगळ्या सावल्या हिरव्यातून तशाच दिसत राहतात. दिसायला ते रंगात बुडवलेलं सुती कापड वाटतं, रेशीम नाही, पण ते काम आता मॉडेलचं. हा फोटो मूळ म्हणून द्या, `Masked content` मध्ये `original` निवडा आणि ०.५ ते ०.५५ ठेवा. रंग आता आधीच जागेवर असल्यामुळे मॉडेलला फक्त पोत आणि चमक बदलायची असते, आणि तेवढ्याला ही स्ट्रेंथ पुरते. कंबरेवर हात टेकल्यामुळे पडलेल्या आडव्या चुण्या जशाच्या तशा राहतात, फक्त त्यांच्या उंचवट्यांवर रेशमी झळाळी येते. मनगटाशी बाही बांगड्यांखाली जिथे संपत होती तिथेच संपते.

फिकट कापडावरून गडदकडे जाताना माझी निवड ठामपणे हीच. कॅटलॉगमधले बहुतेक बदल याच जातीचे असतात, त्यामुळे शक्य असेल तर मूळ फोटो पांढऱ्या किंवा फिकट कुर्त्यातच काढून घ्यावा. गडदवरून फिकटकडे `Multiply` चालत नाही, कारण काळ्यावर काहीही गुणलं तरी काळंच राहतं. आधी लेव्हल्सने कापड उजळून सावल्या दिसतात का ते पाहा. दिसल्या तर हाच मार्ग धरा, नाही तर वरचा ०.९चा.

या पट्ट्यात `Masked content` चुकलं तर मात्र सगळंच फसतं. `latent noise` किंवा `latent nothing` ठेवून ०.५ लावलं तर कुर्त्याच्या जागी दाणेदार किंवा गढूळ ठिगळ येतं, कारण पुसायला सुरुवात करावी असा फोटोच खाली नसतो. कम्फीयूआयमध्येही तसंच. `VAE Encode (for Inpainting)` हा नोड १.०साठी आहे, त्याने मास्कच्या आतलं मूळ पुसून टाकलेलं असतं. कमी स्ट्रेंथ हवी तर साधा `VAE Encode` आणि त्याला `Set Latent Noise Mask`.

आकडे दुसऱ्याकडून उचलताना

ऑटोमॅटिक११११मध्ये ३० स्टेप्स आणि ०.४ स्ट्रेंथ म्हणजे प्रत्यक्षात साधारण १२ स्टेप्सच चालतात. कम्फीयूआयमध्ये लिहाल तेवढ्या पूर्ण चालतात. नॉइजची पातळी जवळपास सारखी, पण पहिल्यात कापड अर्धवट घडवलेलं वाटू शकतं. तिथे स्ट्रेंथ न वाढवता आधी स्टेप्स वाढवा. मॉडेल बदललं तर आकडा नव्याने शोधावा लागतो. शोधताना सीड, म्हणजे सुरुवातीचं नॉइज ठरवणारा आकडा, पक्कं ठेवा आणि फक्त स्ट्रेंथ ०.०५ने हलवा, नाही तर फरक कशाने पडला हेच कळत नाही.

आणि फक्त मास्कभोवतीचा भाग कापून मॉडेलला देणारा `Only masked` वापरत असाल तर `Only masked padding` मुळातल्या ३२वर सोडू नका, १०० पिक्सेलच्या वर न्या. कमी पॅडिंगमध्ये मॉडेलला गळा आणि चेहरा दिसतच नाही, मग चेहऱ्यावर डावीकडून उजेड आणि रेशमावर उजवीकडून चमक, असं होतं.

कडा

गळ्याशी मूळ कुर्त्याची पांढरी रेघ उरली तर मास्क दोन-तीन पिक्सेल बाहेर न्या. मास्क ब्लर ४च्या आसपास ठेवा. तो १५-२० केला तर हिरवा रंग मानेच्या कातडीत उतरतो. एक गोष्ट मात्र कुठल्याच स्ट्रेंथने सुटत नाही: पांढऱ्या कुर्त्याचा उजेड हनुवटीखाली पडलेला असतो, आणि गडद हिरव्यावर तो खटकतो. गिंपमध्ये हाताने तेवढी जागा हलकीशी गडद करता येते, पण तेव्हा आपण माणसाला हात लावतोय हे लक्षात असू द्या. कॅटलॉगसाठी मी ती तशीच सोडते.

बाह्या

आता एक मागणी, जिला यातली कुठलीच पातळी चालत नाही: पूर्ण बाह्यांच्या कुर्त्याचा अर्ध्या बाह्यांचा करून द्या. झाकलेला हात फोटोत नाहीच. त्याचा रंग, त्यावरचा तीळ, कोपराची ठेवण, सगळं मॉडेल मनाने रचणार. ०.५वर बाही जात नाही, ०.९वर जाते आणि परका हात येतो. झाकलेलं तेवढंच किंवा जास्त झाकणारा कपडा असेल तर हे तंत्र प्रामाणिक राहतं. कमी झाकणारा हवा असेल तर त्या बाईंना तो कपडा घालून पुन्हा फोटो काढू देणार का, असं विचारावं.