प्रीमिक्स चहाच्या पुड्या: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

परभणीजवळ आमचं कृषी सेवा केंद्र आहे. मे महिन्यात सकाळचं दूध दुपारपर्यंत टिकत नाही आणि पेरणीच्या दिवसांत चहा तर दिवसभर लागतो. म्हणून दोन प्रकारचे खोके आणले: साधा मसाला चहा, 14 ग्रॅमची पुडी, आणि ‘साखरविरहित’, 8 ग्रॅमची पुडी. दोन्हींत दुधाच्या जागी नॉन-डेअरी क्रीमर आहे. चव ठीक, रंग छान. पाणी उकळतं नसेल तर वर पांढरे कण तरंगतात आणि श्रावणात फोडलेली पुडी तासाभरात चिकट होते. चवीचं एवढंच.

माझा खरा वेळ गेला तो खोक्याच्या मागच्या बाजूला. पुड्या इतक्या लहान की त्यांच्यावर पोषणमूल्यांचा पूर्ण तक्ता नव्हताच. खोका फेकला की माहितीही गेली. आता मी तेवढा पुठ्ठा कापून डब्यात ठेवतो.

साध्या चहाच्या 100 ग्रॅममध्ये साखर 58, एकूण फॅट 12 आणि सॅच्युरेटेड फॅट 11 ग्रॅम. साखरविरहितमध्ये फॅट 21, त्यातलं सॅच्युरेटेड 20. पहिल्या नजरेला साखरविरहित चहा जवळपास दुप्पट तेलकट वाटतो. पण साखर काढली की उरलेल्या पावडरीत क्रीमरचा वाटा आपोआप वाढतो, शिवाय पुडीही लहान होते. पुडीमागे हिशोब केला तर साध्यात सॅच्युरेटेड फॅट दीड ग्रॅम, साखरविरहितमध्ये 1.6. म्हणजे सारखंच. तुलना नेहमी कपामागे करायची, 100 ग्रॅममागे नाही.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साध्या पुडीत पहिली साखर, मग क्रीमर, चहाचा अर्क त्याच्या बराच नंतर. क्रीमरच्या कंसात ग्लुकोज सिरप, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, सोडियम केसिनेट. हे केसिनेट दुधातलंच प्रथिन आहे, त्यामुळे दुधाची ॲलर्जी असणाऱ्याने ‘नॉन-डेअरी’वर विसंबू नये. तेल कोणतं ते लिहिलेलं नसेल तर मी सॅच्युरेटेडचा आकडा एकूण फॅटशी ताडतो. 12 पैकी 11 म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर. असा आकडा नारळाच्या किंवा पाम कर्नलच्या घट्ट केलेल्या तेलाचा असतो. दुधाच्या फॅटमध्ये हे प्रमाण साधारण 60 ते 65 टक्के, साध्या पामतेलात निम्म्याच्या आसपास.

‘ट्रान्स फॅट 0’ हे मोठ्या अक्षरात असतं. तेल अर्धवट हायड्रोजनेट केलं तर ट्रान्स फॅट तयार होतं, पूर्ण केलं तर जवळजवळ होत नाही, पण तेल सॅच्युरेटेड होतं. शिवाय जानेवारी 2022 पासून आपल्याकडे अन्नातल्या तेल-तुपात ट्रान्स फॅट 2 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे त्या शून्याचं फार कौतुक करू नये, सॅच्युरेटेड फॅटची ओळ वाचावी.

आता साखरविरहितचं. आमचे एक मामा, मधुमेहाचे, दुकानात आले की म्हणायचे, “साखर नाही ना त्यात? मग दोन पुड्या टाक, घट्ट होऊ दे.” दिवसाला तीन कप. त्या पुठ्ठ्यावर 100 ग्रॅममागे कार्बोहायड्रेट 68 आणि साखर फक्त 10. मधले 58 कुठून आले? माल्टोडेक्स्ट्रिन आणि ग्लुकोज सिरपमधून. त्यांच्या लांब साखळ्या साखरेच्या ओळीत मोजल्या जात नाहीत, पण पोटात गेल्यावर त्यांचं झपाट्याने ग्लुकोज होतं. एका पुडीत हे साडेचार ग्रॅमच्या वर, वेगळी साखर पाऊण ग्रॅम. एक पुडी म्हणजे फार नव्हे. मामांच्या सहा पुड्यांचा मात्र हिशोब असा: कार्बोहायड्रेट जवळपास 33 ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट साडेनऊच्या वर. लेबलवरचे टक्के ज्या दिवसाच्या 22 ग्रॅम सॅच्युरेटेड फॅटवरून काढतात, त्यातलं चाळीस टक्क्यांहून जास्त नुसत्या चहात. “अन् मग साखरविरहित कशाला म्हणतात रे?” त्यांनी विचारलं. “मामा, साखर खरंच नाही टाकलेली,” मी म्हणालो, “बाकीचं तुमच्या पुठ्ठ्यावर आहे.” आता ते एकच पुडी घेतात आणि कुरकुरतात.

तरी प्रीमिक्सला विष म्हणणं मला पटत नाही. म्हशीचं 50 मिली दूध घातलेल्या घरच्या चहात फॅट तीन ग्रॅमच्या आसपास, त्यातलं सॅच्युरेटेड दोनच्या जवळ, म्हणजे पुडीपेक्षा जास्तच. आणि आमच्याकडे त्यात साखर दोन चमचे असतेच; साध्या पुडीतही आठ ग्रॅम, म्हणजे तेवढीच. फरक प्रथिनांत आहे. त्या दुधातून दोन ग्रॅमच्या आसपास मिळतात, साखरविरहित पुडीतून पाव ग्रॅमच्या वर फारसं नाही. म्हणून पोरांना दुधाऐवजी पुडीचा चहा देणं बंद केलं.

हिवाळ्यात दूध टिकतं, तेव्हा दुकानात पुन्हा पातेलं चढलं आहे. साध्या पुडीचा खोका पाहुण्यांसाठी ठेवला. साखरविरहितचा परत घेणार नाही. त्याऐवजी क्रीमर नसलेली, फक्त चहाच्या अर्काची पुडी मागवली आहे. तिच्यात दूध आपण घालायचं आणि साखर ज्याची त्याने.