वास उत्तम, फवारा नालायक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीआधी घेतलेल्या परफ्यूमबद्दल आता जूनमध्ये लिहितेय, कारण गेल्या आठवड्यात सासूबाईंचा तन्मणी ओवायला टाकावा लागला. ब्रँडचं नाव देणार नाही. पन्नास मिलीची बाटली, व्हॅनिला आणि चंदनाचा वास, द्रव किंचित गुलाबी, किंमत साडेअठराशे. ज्यांनी घेतलाय त्यांना एवढ्यावरून कळेल. वासाबद्दल तक्रार नाही. सकाळी आठ-वीसच्या लोकलच्या गर्दीत लावून गेलं तरी संध्याकाळी घरी येईपर्यंत मनगटावर थोडा उरतोच. या पैशात एवढा टिकणारा वास मला दुसरा मिळाला नाही.

पण फवारा! आठ महिने मी या एका गोष्टीवर चरफडतेय, त्यामुळे आधी तेच सांगून टाकते. बटण दाबलं की आधी एक जाड थेंब थुंकतो आणि मग तुषार येतात. मी जुन्या वर्तमानपत्रावर वीतभर अंतरावरून दाबून पाहिलं. ताटलीएवढं ओलं वर्तुळ उमटलं, मधोमध दोन ठसठशीत थेंब, आणि त्यातला एक ओघळून खाली गेला. म्हणजे मानेवर मारलं तर गळाभर दागिने आणि खांद्यावरचा पदर, दोन्हींना हिस्सा मिळणारच. कस्टमर केअरला फोटोसकट मेल केला की नुसता फवारा बदलून द्या. उत्तर आलं, 'हे उत्पादन फक्त त्वचेवर वापरावे.' धन्यवाद, मी काय भिंतीला मारत होते? फवारा बाटलीच्या तोंडावर पत्र्याने दाबून बसवलेला असतो, तो फिरवून निघतही नाही. पक्कड घेऊन बसले होते, नवऱ्याने हातातून काढून घेतली.

आता तन्मणीकडे येते. मार्गशीर्षात नात्यातल्या लग्नाला तो घातला, पाडव्याला ठाण्याच्या कौपीनेश्वरापासूनच्या स्वागतयात्रेत परत घातला. दोन्ही वेळा घाईत, साडी-दागिने सगळं अंगावर चढवल्यावर शेवटी मानेच्या डाव्या बाजूला दोन फवारे. मी उजव्या हाताने मारते, म्हणून डावीकडे. पाडव्याचं ऊन, घाम, ढोलताशे, आणि संध्याकाळी दागिना न पुसता तसाच डबीत. मे महिन्यात डबी उघडली तर डाव्या बाजूचे मोती खडूसारखे निस्तेज आणि त्यातल्या सहा-सातांचं साल सुटलेलं. दोरा पिवळा पडून सैल झालेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त वाईट.

त्या रात्री या परफ्यूमला एक तारा द्यायचा असं मी ठरवलं होतं. मग जांभळी नाक्याजवळ दागिने ओवून देणारे एक पटवेकरी काका आहेत, त्यांच्याकडे गेले आणि माझं मत निम्मं बदललं.

त्यांनी आधी साल सुटलेला मोती घेतला, भिंग लावून त्याच्या भोकाच्या कडेला पाहिलं आणि मला दाखवलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर उचकटलेला, आत पांढरी काच. "वहिनी, हा मोतीच नव्हे. काचेच्या मण्यावर चमकीचा लेप आहे. मागे कधीतरी सर तुटला असेल, तेव्हा कोणीतरी भरीला घातलेत." मग त्यांनी चांगल्यातले दोन मोती एकमेकांवर घासले. बारीक खरखर लागली. नकली मण्यांचं तसं केलं तर गुळगुळीत घसरतात. दातांवर हलकेच फिरवूनही हेच कळतं, पण तोंडात घालायचा तर दागिना आपलाच असावा. नकली मण्याचा लेप म्हणजे एक प्रकारचं वार्निश, आणि परफ्यूममध्ये मुख्यतः असतो अल्कोहोल. वार्निशवर तो पडला, आणि तोही सगळ्यात नाजूक जागी, भोकाच्या कडेला झिरपला, तर साल सुटणारच. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. पंचवीस-तीस वर्षं सात काचेचे मणी मोती म्हणून कपाटात जपले गेले होते.

खऱ्या मोत्यांचं मात्र वेगळं. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक थर, खडू किंवा अंड्याच्या कवचाच्याच जातीचे, आणि त्यांना धरून ठेवणारं थोडं प्रथिन. अल्कोहोलने ते प्रथिन आणि त्यातला ओलावा कोरडा पडतो, आणि आंबट काहीही लागलं तर थर झिजतो. घामही किंचित आंबट असतो. काकांचं म्हणणं असं की माझ्या बाबतीत निम्मा दोष घामाचा आणि न पुसता ठेवण्याचा. परफ्यूमचं अल्कोहोल उडून जातं, पण त्यातलं तेल मोत्यावर बसतं, मग त्यावर घाम आणि धूळ चिकटते, आणि हे मिश्रण महिनाभर डबीत मोत्याला खात बसतं. त्यांनी ओल्या, चांगल्या पिळलेल्या मलमलच्या फडक्याने तीन-चार मोती पुसून दाखवले. दोघांवर तेज परतलं. म्हणजे तिथे नुसता मळ होता. उरलेले पुसूनही मंदच राहिले. तिथला थरच खरवडला गेलाय, आणि तो पॉलिशने परत येत नाही. मोत्याला टूथपेस्ट लावायची नाही हे त्यांनी दोनदा बजावलं. मी घरून निघताना तोच विचार करत होते.

चांदीचं थोडक्यात सांगते. हातातली चांदीची बांगडी काळी पडली तेव्हा मी परफ्यूमलाच बोल लावला होता, पण चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूने, परफ्यूम असो वा नसो. परफ्यूमचा चिकटा बसला की नुसता डाग दिसतो, तो कोमट साबणाच्या पाण्याने निघाला. खरी अडचण सोन्याचं पॉलिश दिलेल्या चांदीच्या ठुशीची. तिच्या मागच्या, मानेला टेकणाऱ्या फासाकडचं पॉलिश विटलंय, आतली चांदी दिसते. ते परत करून घ्यावं लागेल. आणि मोती बसवलेली चांदीची नथ बाजारात मिळणाऱ्या चांदी उजळायच्या द्रवात कधीही बुडवू नका. त्यात आम्ल असतं. चांदी चमकेल, मोती मरेल.

सगळ्यात जास्त मनाला लागली ती पैठणी. मोतिया रंगाची, त्याच लग्नात नेसले होते. फवाऱ्याचा तो जाड थेंब पदरावर, खांद्याशी पडला. गुलाबी ठिपका दिसताच मी ओल्या रुमालाने घासला. ही पहिली चूक, कारण रेशमावर पाण्याची कडा उमटते. घरी येऊन इस्त्री फिरवली आणि घडी घालून ठेवली, ही दुसरी. पाडव्याला काढली तेव्हा तिथे रुपयाएवढा बिस्किटी डाग होता. त्या दिवशी नव्हता हे मी शपथेवर सांगेन.

नौपाड्यातल्या ड्रायक्लीनरने पहिला प्रश्न विचारला, "कशाचा डाग, ते आधी सांगा." परफ्यूम म्हटल्यावर त्याने खोक्यावर काय लिहिलंय ते विचारलं. मी घरी जाऊन पाहिलं. घटकांच्या यादीत शेवटी 'सीआय' आणि पाच आकडे, माझ्या खोक्यावर १७२००. हा लाल रंग आहे, आणि रंगाऱ्यांच्या भाषेत ॲसिड डाय, म्हणजे ज्या जातीच्या रंगांनी रेशीम आणि लोकर रंगवतात त्याच जातीचा. म्हणजे मी माझ्या पैठणीवर अक्षरशः रेशमाचा रंग थेंबाथेंबाने टाकत होते! बिस्किटी छटा मात्र व्हॅनिलाची. त्यातलं व्हॅनिलीन हवेने आणि उजेडाने हळूहळू तपकिरी पडतं, म्हणून डाग महिन्यांनी दिसतो, आणि इस्त्रीची उष्णता त्याला हातभार लावते. ड्रायक्लीनरने आधी आतल्या काठाजवळ औषध लावून रंग उतरतो का ते पाहिलं, मगच पदराला हात लावला. साडेचारशे रुपये. पाण्याची कडा पूर्ण गेली, बिस्किटीपणा बराच फिका झाला, मध्ये नखाएवढी गुलाबी झाक उरली. पदराच्या निऱ्या अशा घेते की ती पिनेखाली जाते.

'लावून दहा मिनिटं थांबा, मग दागिने घाला' हा सल्ला सगळेच देतात. मी तो तपासून पाहिला. कोपराच्या आतल्या बाजूला एक फवारा मारला आणि दहा मिनिटांनी त्यावर कोरा टिश्यू दाबून धरला. अल्कोहोलचा वास पार गेला होता, पण कागदावर तेलकट, पारदर्शक डाग उमटला. पंधरा मिनिटांनीही उमटला, जरा फिका. तेव्हा थांबल्याने अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं जागेवर अवलंबून. जिथे मोती, जरीकाठ किंवा रेशीम टेकणार नाही तिथेच लावायचं. मान आणि मनगट, म्हणजे आपण सवयीने मारतो नेमक्या त्याच जागा, दागिन्यांच्या दिवशी बाद.

म्हणून आता साडी नेसायच्या आधी, नुसत्या परकर-ब्लाऊजवर असताना लावते. दोन्ही कोपरांच्या आत, ब्लाऊजची बाही आखूड असेल तरच, आणि गुडघ्यांच्या मागे. चालताना परकराच्या आतून वास वर येतो, आणि साडीच्या आणि त्या जागेच्या मध्ये सुती परकर असतो. मग केस, मग साडी, दागिने सगळ्यात शेवटी. घरी आल्यावर उलट, दागिने आधी उतरतात आणि मोती पुसूनच डबीत जातात.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, आम्ही अत्तराचा फाया कानात ठेवायचो, कधी साडी खराब झाली नाही." पद्धत खरंच चांगली आहे, फायातलं अत्तर तिथेच राहतं, उडत नाही. फक्त मोत्यांच्या कुड्या असतील तर फाया कानाच्या वरच्या खळगीत ठेवायचा, पाळीजवळ नाही. अल्कोहोल नाही म्हणून अत्तर थेट पदराला चोळणाऱ्यांनी मात्र जपावं. ते तेलच आहे, रेशमावर तेलाचाच डाग पडतो.

फवाऱ्याचा तोडगा फायावरूनच सुचला. दहा मिलीची, काचेच्या दांडीच्या बुचाची अत्तराची कुपी आणली, चाळीस रुपये. तिच्या तोंडाशी फवारा अगदी टेकवून दहा-बारा वेळा दाबलं की मिलीभर जमतं. थोडं बोटांवर सांडतं, शिव्या द्याव्या लागतात, पण मग दांडीने हवा तिथे एक ठिपका टेकवता येतो. थुंकणं नाही, ओघळ नाही, आणि परफ्यूमही कमी लागतं. बाटलीत अजून तिसरा हिस्सा शिल्लक आहे, या हिशेबाने गणपती निघतील.

वासाला साडेचार तारे, फवाऱ्याला शून्य. सात मोत्यांच्या जागी खरे घालायचे की पुन्हा काचेचे, हे सासूबाई अजून ठरवतायत, म्हणून तन्मणी अजून काकांकडेच आहे.